‘सार्थ फरक’ आणि ‘सार्थ अंक’ : तक्त्यातला एकच शब्द, दोन कामे

प्रश्न : सोयाबीनच्या खतप्रयोगाचा मराठी अहवाल लिहितोय. तक्त्याखाली मी ‘५% पातळीवर लक्षणीय’ असे लिहिले होते. सरांनी ‘लक्षणीय’ खोडून ‘सार्थ’ केले आणि उत्पादनाच्या रकान्याशेजारी ‘दोनच सार्थ अंक ठेवा’ असा शेरा मारला. म्हणजे २१८७.५३ चे मी २२०० करायचे का? हे दोन ‘सार्थ’ एकच आहेत का?

उत्तर : २२०० करू नका. शेरा बरोबर आहे, पण तो उत्पादनाच्या सरासरीला नव्हे, तिच्या खालच्या प्रमाण त्रुटीला लागू आहे. बहुतेक तुमच्या सरांनाही तेच म्हणायचे असावे.

इंग्रजीत एकच विशेषण दोन्हीकडे वापरतात, म्हणून मराठीतही दोन्हीकडे ‘सार्थ’ आले. ‘सार्थ अंक’ एका आकड्याबद्दल बोलतात : यातले किती अंक मोजमापातून आलेले आहेत आणि किती नुसते भागाकारातून ओघळलेले आहेत? ‘सार्थ फरक’ दोन सरासऱ्यांबद्दल बोलतो : यांच्यातले अंतर निव्वळ योगायोगाने पडले असेल का? शाळेत शिकलेली ‘दशांश स्थळे’ ही तिसरी गोष्ट. ०.०४९ मध्ये दशांश स्थळे तीन आहेत, सार्थ अंक दोन. ४९ मध्ये दशांश स्थळ एकही नाही, सार्थ अंक मात्र दोनच.

‘लक्षणीय’ चुकीचा नाही, कृषी अहवालांत तो सर्रास दिसतो. माझी अडचण एवढीच की मराठी वाचक त्याचा अर्थ ‘बराच मोठा’ असा घेतो. ‘उत्पादनात लक्षणीय वाढ’ वाचून शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे पोत्यांची थप्पी येते आणि प्रत्यक्षात हेक्टरी दीड क्विंटलचा फरक असतो. ‘सार्थ’ जरा कोरडा वाटतो, पण तक्त्यात कोरडेपणाच हवा.

आता मुख्य भाग. हे दोन ‘सार्थ’ वेगळे असले तरी तक्त्यात एकमेकांच्या पायात येतात. अंक चुकीच्या जागी कापले की फरक सार्थ आहे की नाही तेच वाचकाला कळेनासे होते. उदाहरणासाठी आकडे घेतो. समजा चार खतमात्रा आणि पाच पुनरावृत्त्या असलेला यादृच्छिक गट आराखडा आहे. एक्सेलमधून सरासऱ्या किलो प्रति हेक्टरमध्ये अशा निघाल्या : खत नाही १८४२.३६, निम्मी शिफारस १९५७.९२, पूर्ण शिफारस २१०६.४८, पूर्ण शिफारस अधिक शेणखत २१८७.५३. त्रुटीचा वर्गमध्य १२०००.

यांतले दशांश आले कुठून ते पाहा. निव्वळ वाफा ३.६ मीटर गुणिले ४ मीटर, म्हणजे १४.४ चौरस मीटर असेल, तर वाफ्यातल्या किलोला हेक्टरवर नेण्यासाठी ६९४.४४ ने गुणावे लागते. तुमच्या वजनकाट्याची पायरी १० ग्रॅमची असेल तर ती हेक्टरवर सुमारे ७ किलो होते. काट्यालाच ७ किलोंच्या आतले दिसत नाही आणि आपण तक्त्यात १० ग्रॅमपर्यंतचा हिशेब छापतो.

पण किती अंक ठेवायचे हे काट्यावरून नव्हे, प्रमाण त्रुटीवरून ठरवतात. १२००० ला पाचने भागून वर्गमूळ घ्या : ४८.९९. दोन सार्थ अंकांत हे ४९ झाले, म्हणजे शेवटचा अंक एकक स्थानी आला. सरासरीही त्याच स्थानापर्यंत ठेवायची : २१८८, २१०६, १९५८, १८४२. सरांचे ‘दोन सार्थ अंक’ ते हे. सरासरीत चार सार्थ अंक राहिले तर राहू देत. एकक क्विंटल प्रति हेक्टर घेतले तर त्रुटी ०.४९ होते आणि सरासरी २१.८८. स्थान तेच, दशांश चिन्ह तेवढे हलले.

इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. विद्यार्थी ‘सगळीकडे दोन दशांश’ हा नियम धरून बसतात आणि त्याला एकसारखेपणा म्हणतात. एकसारखेपणा एका रकान्यात हवा. उंचीच्या रकान्यात एक दशांश, उत्पादनाच्या रकान्यात एकही नाही, शंभर दाण्यांच्या वजनात दोन, असे असायला काहीच हरकत नाही.

आता क्रांतिक फरक, ज्याला आपण रोज सीडी म्हणतो. त्रुटीच्या स्वातंत्र्यमात्रा १२, त्यासाठी ५% पातळीचे टी मूल्य २.१७९. दोन सरासऱ्यांमधल्या फरकाची प्रमाण त्रुटी ६९.२८. गुणाकार १५०.९६, म्हणून तक्त्यात १५१. पूर्ण शिफारस आणि निम्मी शिफारस यांच्यातला फरक १४८.५६, म्हणजे सीडीपेक्षा कमी. फरक सार्थ नाही.

हाच तक्ता क्विंटलमध्ये एका दशांशावर आणून बघा. २१.१ वजा १९.६ बरोबर १.५. सीडी १.५१, तीही एका दशांशावर १.५. वाचक वजाबाकी करतो, फरक सीडीइतका भरतो आणि तो म्हणतो, सार्थ आहे. सरासऱ्यांशेजारची गट दाखवणारी अक्षरे म्हणतात, नाही. परीक्षकाने ‘तक्ता आणि मजकूर जुळत नाही’ असे लिहिले तर तुमचे गणित चुकलेले नसते, अंक एका स्थानाने जास्त कापलेले असतात. म्हणून तक्ता तयार झाला की सीडीच्या सगळ्यांत जवळ जाणारी जोडी शोधा आणि छापलेल्या आकड्यांवरून हाताने वजाबाकी करा. उत्तर अक्षरांशी जुळले तर तक्ता तयार झाला.

| खतमात्रा | दाण्यांचे उत्पादन (कि.ग्रॅ./हे.) | गट |
|---|---:|:---|
| पूर्ण शिफारस + शेणखत | २१८८ | अ |
| पूर्ण शिफारस | २१०६ | अ, ब |
| निम्मी शिफारस | १९५८ | ब, क |
| खत नाही | १८४२ | क |
| सरासरीची प्रमाण त्रुटी | ४९ | |
| क्रांतिक फरक (५%) | १५१ | |

*एकही अक्षर समान नसलेल्या सरासऱ्यांमधील फरक ५% पातळीवर सार्थ आहे.*

एकक रकान्याच्या डोक्यावर एकदाच आहे, प्रत्येक घरात नाही. त्रुटी आणि सीडी यांनाही तेच एकक लागते. वर क्विंटल आणि खाली किलो असा तक्ता कधीमधी हाती येतो आणि मग ४९ क्विंटलची त्रुटी वाचायला मिळते. अक्षरांमध्ये स्वल्पविराम मुद्दाम घातला आहे. इंग्रजीत ‘ab’, ‘bc’ चालून जाते, मराठीत ‘बक’ लिहिले तर तक्त्यात बगळा उतरतो.

अक्षरे कच्च्या आकड्यांवरून ठरवायची, आकडे कापायचे ते सगळ्यांत शेवटी. एक्सेलमध्ये दशांश कमी करण्याचे बटण फक्त दिसणे बदलते, आतले मूल्य शाबूत ठेवते. आपल्याला हेच हवे असते. ROUND ने मूल्यच बदलते. शिवाय घराला साधे स्वरूप असेल तर शेवटचे शून्य गळते, २०.१० चे २०.१ होते आणि एकाच रकान्यात दोन मापांचे आकडे उभे राहतात. वर्डमध्ये नेण्यापुरता मजकूर हवा असेल तर वेगळा रकाना घ्या :

```
=TEXT(B2,"0.00")
```

शून्य टिकते. मात्र ही मजकुराची घरे आहेत, त्यांच्यावर पुढे गणित करू नका. अक्षरांऐवजी तारका द्यायच्या असतील तर त्या हाताने टाइप केल्यास आकड्याचा मजकूर होतो आणि दशांश चिन्हांची उभी रांग मोडते. त्यावर घराचे स्वरूप बदलणे हा उपाय आहे. पहिले तारांकित घरांसाठी, दुसरे बाकीच्यांसाठी :

```
0.00"*"
0.00_*
```

अधोरेषेमुळे पुढच्या चिन्हाच्या रुंदीइतकी जागा मोकळी सुटते, त्यामुळे तारका नसलेला आकडाही रांगेतच राहतो. देवनागरी आकडे दिसायला हवे असतील तर स्वरूपाच्या आधी `[$-4000439]` जोडा, मूल्य संख्याच राहते. हाताने टाइप केलेले देवनागरी आकडे एक्सेल बेरजेत धरेलच असे नाही.

तारकांचा अर्थ मात्र सगळीकडे एक नाही. आर या प्रणालीच्या निकालात एक तारका ५% साठी, दोन १% साठी आणि तीन ०.१% साठी असतात. अर्थशास्त्राच्या पुष्कळ तक्त्यांत एक तारका १०%, दोन ५% आणि तीन १% सांगतात. म्हणजे एका विषयातली एक तारका दुसऱ्या विषयात दोन तारकांच्या मोलाची. तळटीप नसलेली तारका म्हणून काहीच सांगत नाही. तसेच एसपीएसएसने पी मूल्य ‘.000’ दाखवले तर ते शून्य नसते, तीन दशांशांत मावलेले नसते. तक्त्यात ‘०.००१ पेक्षा कमी’ लिहा.

राहिला सार्थ नसलेला फरक. त्याला ‘निरर्थक’ म्हणू नका, मराठीत तो शिवीच्या जवळ जातो. ‘फरक सार्थ नाही’ किंवा तक्त्यात ‘सा. ना.’ लिहून तळटीपेत उलगडा पुरे. एफ कसोटीच सार्थ नसेल तर सीडीच्या ओळीत आकडा न देता ‘सा. ना.’ लिहायचे. नाहीतर वाचक त्या सीडीने जोड्या तपासू लागतो आणि एखादी सापडतेही. ‘फरक सार्थ नाही’ म्हणजे ‘दोन्ही सारखेच’ असेही नाही. वरच्या तक्त्यात पूर्ण शिफारस शेणखतवाल्या मात्रेच्या बरोबरीची आहे, निम्मी शिफारस पूर्ण शिफारशीच्या बरोबरीची आहे, पण निम्मी शिफारस शेणखतवाल्या मात्रेच्या बरोबरीची नाही : फरक २३० किलोंचा आणि सीडी १५१. ‘अॅट पार’ला मराठीत ‘समान’ लिहिले की वाचक हे गणित शाळेतल्या बरोबरच्या चिन्हासारखे पुढे नेतो. म्हणून मजकुरात ‘समान’ टाळून ‘या दोहोंतील फरक सार्थ नव्हता’ असे पूर्ण वाक्य लिहा. चार शब्द जास्त जातात, तेवढी जागा अहवालात असते.