सप्तर्षींतले पाच सगे, दोन परके

प्रश्न : लाखभर वर्षांनी सप्तर्षी ओळखू येणार नाहीत असं वाचलं. म्हणजे नेमकं काय होईल? सगळे तारे विखुरतील का?

विखुरणार नाहीत. आकृतीची दोन टोकं बिघडतील, मधला भाग बराचसा तसाच राहील. चौकोनाच्या एका कोपऱ्यावरचा क्रतू आणि शेपटीच्या टोकाचा मरीची हे दोघं पश्चिमेकडे सरकताहेत. उरलेले पाच, म्हणजे पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरा आणि वसिष्ठ, पूर्वेकडे चालले आहेत. ताऱ्याच्या आकाशातल्या अशा स्वतःच्या सरकण्याला निजगती म्हणतात आणि ती विकलांमध्ये मोजतात. एका अंशात 3600 विकला असतात. या सातही जणांची निजगती वर्षाला साधारण दशांश विकला, कुणाची थोडी कमी, कुणाची थोडी जास्त.

आता शेपटीकडे बघा. मरीची आज वसिष्ठाच्या पूर्वेला सुमारे 3.6 अंश आहे (आणि त्याहून अधिक दक्षिणेला). वसिष्ठ वर्षाला 0.12 विकला पूर्वेकडे, मरीची तितकाच पश्चिमेकडे. म्हणजे दोघांमधलं पूर्व-पश्चिम अंतर वर्षाला 0.24 विकलांनी घटतंय. 3.6 अंश म्हणजे जवळपास 13 हजार विकला, त्याला 0.24 ने भागलं की 54 हजार वर्षं येतात. तेव्हा मरीची वसिष्ठाच्या थेट दक्षिणेला असेल. लाख वर्षांनंतर तो वसिष्ठाच्या पश्चिमेला तीन अंश गेलेला असेल आणि शेपूट आतल्या बाजूला मुडपलेली दिसेल.

दुसऱ्या टोकाला उलटा प्रकार. क्रतू आणि अत्री यांच्यात आज 10 अंशांचं अंतर आहे. ते दोघं एकमेकांपासून दूर चालल्यामुळे लाख वर्षांत ते 17 अंशांच्या आसपास जाईल. चौकोनाची वरची कड अशी ताणली गेल्यावर त्याला चौकोन म्हणणं जरा जडच जाईल.

हे गणित सरळ रेषेतलं आहे, आणि लाख वर्षांपर्यंत ते चालतं. कोट्यवधी वर्षांसाठी मात्र वापरू नये, कारण तारे आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरताहेत. त्यांची वाट तेवढ्या काळात वळलेली असते.

प्रश्न : तारकासमूहातले तारे एकमेकांशी संबंधित नसतात, निव्वळ योगायोगाने एकत्र दिसतात, असं शिकलो. मग सप्तर्षींतले पाच एकाच दिशेने का जातात?

कारण हे पाच खरोखरच सख्खे आहेत. शिकलात ते बरोबर आहे, पण त्याला अपवाद आहेत आणि सप्तर्षी हा त्यातला ठळक. या पाचांचं अंतर 80 प्रकाशवर्षांच्या आसपास आहे, थोडं इकडे-तिकडे. मरीची 104 आणि क्रतू सुमारे 123 प्रकाशवर्षांवर. रिचर्ड प्रॉक्टर यांनी 1869 मध्ये हे पाच तारे एकत्र चालल्याचं दाखवलं, तेव्हा निजगतीची दिशा हाच त्यांचा मुख्य आधार होता. आता अंतर, वेग आणि वय या तिन्ही बाजूंनी तपासून हा एकाच ढगातून जन्मलेला जुना, विरळ झालेला गुच्छ आहे असं मानलं जातं.

रंगही साक्ष देतो. पाचही पांढरे तारे आहेत. क्रतू मात्र नारिंगी राक्षसी तारा आहे. द्विनेत्रीतून आधी क्रतू आणि लगेच पुलह बघा, फरक कळतो. मरीची उलट निळसर आणि पाचांहून कितीतरी तप्त.

योगायोगाचं चांगलं उदाहरण हवं असेल तर शर्मिष्ठा घ्या. तिच्या पाच ताऱ्यांपैकी सर्वांत जवळचा 55 प्रकाशवर्षांवर आहे, तर मधला त्याच्या साधारण दहापट दूर. त्यांना जोडणारी एकच गोष्ट म्हणजे आपण उभे आहोत ती जागा. शेजारच्या मित्र नावाच्या ताऱ्याजवळ, म्हणजे सव्वाचार-साडेचार प्रकाशवर्षांवर गेलात तर शर्मिष्ठेचा आकार फारसा बदलणार नाही, पण तिच्यात एक ठळक सहावा तारा दिसेल. तो आपला सूर्य. शर्मिष्ठेच्या ताऱ्यांशी त्याचा काडीचा संबंध नाही, तरी तिथला निरीक्षक त्याला बिनदिक्कत त्याच आकृतीत ओवेल.

प्रश्न : पण तारे सरकतात ते अयनचलनामुळे ना?

नाही, या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. अयनचलन म्हणजे पृथ्वीच्या अक्षाचं डोलणं. त्यामुळे ताऱ्यांचे निर्देशांक वर्षाला सुमारे 50 विकलांनी बदलतात. सप्तर्षींच्या निजगतीपेक्षा हे 400-500 पट अधिक. पण सगळं आकाश एकत्र सरकतं, म्हणून आकृत्या जशाच्या तशा राहतात. क्रतू-पुलहांची रेषा ध्रुवताऱ्याकडे जाते. ध्रुवाची जागा 12-13 हजार वर्षांत अभिजितजवळ गेलेली असेल, तरी सप्तर्षी तोवर आजच्यासारखेच दिसतील.

एडमंड हॅली यांनी 1718 मध्ये नेमकं हेच वेगळं केलं. ग्रीकांनी नोंदलेल्या स्थानांमधून अयनचलन वजा केलं तरी व्याध, स्वाती आणि रोहिणी जुळेनात. स्वातीची निजगती 2.28 विकला आहे, म्हणजे अठराशे वर्षांत एक अंशाहून जास्त, पौर्णिमेच्या दोन चंद्रांच्या रुंदीइतकी. एवढी चूक जुन्या निरीक्षकांच्या माथी मारणं शक्य नव्हतं.

प्रश्न : ज्याची निजगती जवळपास शून्य, तो तारा थांबलेला असतो का?

तसं नाही. तो फार दूर असेल, किंवा थेट आपल्याकडे येत अथवा दूर जात असेल. निजगती फक्त आडवं सरकणं दाखवते. शिवाय ती आपल्या सापेक्ष असते, आणि सूर्य स्वतः आसपासच्या ताऱ्यांच्या मानाने सेकंदाला सुमारे 20 किलोमीटर वेगाने जातोय. त्याचा वाटा प्रत्येक ताऱ्याच्या निजगतीत मिसळलेला असतो.

प्रश्न : माझ्याकडे छोटी दुर्बीण आणि कॅमेरा आहे. निजगती स्वतः टिपता येईल का?

सप्तर्षींची नाही. वर्षाला दशांश विकला इतकं सरकणं कळायला फार अचूक मोजमापं आणि अनेक वर्षांच्या नोंदी लागतात. पण भुजंगधारी समूहातला बर्नार्डचा तारा आरामात टिपता येईल. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, प्रत साडेनऊ. मात्र 6 प्रकाशवर्षांवर असल्याने तो वर्षाला 10.4 विकला सरकतो, जवळजवळ थेट उत्तरेला.

एक मीटर नाभीय अंतराची दुर्बीण आणि 4 मायक्रॉनचे पिक्सेल असतील तर एक पिक्सेल म्हणजे साधारण 0.8 विकला. वर्षभरात तारा 12-13 पिक्सेल हलेल. पुढचा फोटो शक्यतो त्याच तारखेच्या आसपास घ्या. पृथ्वीच्या प्रदक्षिणेमुळे हा तारा दोन्ही बाजूंना अर्ध्या विकलेने झुलतो (हा त्याचा पराशय), आणि वर्षाच्या त्याच दिवशी हे झुलणं दोन्ही फोटोंत सारखंच असतं. दोन्ही फोटो आजूबाजूच्या मंद ताऱ्यांवर जुळवा, बर्नार्डच्या ताऱ्यावर नको. जुळणी चुकली तर चौकटीतले सगळेच तारे सरकलेले दिसतात. बरोबर असेल तर एकच.