ऑथेलोत सोंगट्या जास्त असूनही हरतोय? कडेची पाचची रांग तपासा

प्रश्न: "चाळिसाव्या चालीपर्यंत माझ्या सोंगट्या समोरच्याच्या दुप्पट असतात. मग शेवटी कोपरे जातात आणि सगळं पालटतं. चूक नेमकी कुठे होते?"

कोपरा गेला ती चाल सोडा, चूक त्याच्या दहाएक चाली आधीची आहे. तुम्हाला चाल मिळते ती समोरच्याच्या सोंगटीला लागून असलेल्या रिकाम्या घरात. सुरुवातीलाच सगळं उलटवून सोंगट्यांच्या घोळक्याची बाहेरची कड तुमच्या रंगाची केलीत, की लागून खेळायला तुम्हाला त्याची सोंगटीच उरत नाही. त्याला मात्र चहूबाजूंनी तुमच्याच सोंगट्या मिळतात. शेवटी तुमच्यापुढे कोपऱ्याशेजारची घरंच राहतात.

सगळ्यात महाग पडते ती कडेवरची पाचची रांग. पटाचे उभे स्तंभ डावीकडून a ते h आणि रांगा वरून 1 ते 8 धरा. समजा तुम्ही काळे, वरच्या कडेवर c1 ते f1 चारही तुमच्या. दुसरी सुरक्षित चाल उरली नाही म्हणून, किंवा एक सोंगटी वाढते म्हणून, तुम्ही g1 घेता. आता a1, b1 आणि h1 रिकामी. पांढरा b2 वर येतो आणि कोपरा फुकट दिल्यासारखं वाटतं. तुम्ही a1 घेता, b2 काळी होते. b3 पांढरी असेल तर तो b2 उलटवत b1 मध्ये घुसतो. ती सोंगटी आता तुम्हाला उलटवताच येत नाही: उभ्या आणि तिरक्या रेषांत ती टोकाला आहे आणि आडव्या रेषेत तिच्या दोन्ही बाजूंना तुमच्याच सोंगट्या आधीपासून बसल्यात. पुढच्या चालीला तो h1 खेळतो, c1 ते g1 पाचही पांढऱ्या होतात आणि दुसरा कोपरा त्याचा. तुम्हाला h1 आधी घेता येत नाही, कारण तिथून उलटवायला सहसा काहीच नसतं.

g1 रिकामंच ठेवलं असतं तर? b1 नंतर त्याला रांग उलटवायला g1 वर यावं लागलं असतं, आणि मग तुम्ही h1 घेऊन पूर्ण रांग परत मिळवली असती. म्हणून कडेवर मधल्या चार किंवा सलग सहा बऱ्या, पाच नकोच, असं माझं ठाम मत. अर्थात b2 वर येण्याची वाटच त्याला नसेल तर पाचही चालून जातात. पट बघून ठरवा.

चाल निवडताना किती उलटतात ते मोजू नका. खेळल्यावर त्याला किती चाली राहतील, आणि आपल्याला कोपऱ्याशेजारची घरं सोडून किती, ते मोजा. चारही बाजूंनी वेढलेली एखादीच सोंगटी उलटवणारी चाल बहुतेक वेळा बाहेरच्या पाच उलटवणारीपेक्षा चांगली असते. हे सगळं मधल्या डावापुरतं. शेवटच्या दहाएक रिकाम्या घरांत सोंगट्या खरोखर मोजाव्या लागतात, आणि शक्य तिथे प्रत्येक कोपऱ्याजवळच्या रिकाम्या भागातली शेवटची चाल आपल्याकडे ठेवावी. पण उगाच सगळ्याच सोंगट्या सोडतही बसू नका. एकही उरली नाही तर डाव तिथेच संपतो.