गझलेतले शेर सुटे, तरी एकत्र कसे?

प्रश्न : प्रत्येक शेर वेगळं बोलतो, मग गझल विस्कळीत का वाटत नाही?

विचार सुटे असले तरी जमीन एक असते: वृत्त, काफिया म्हणजे यमक, आणि रदीफ म्हणजे त्यानंतर जसाच्या तसा येणारा शब्द. हे बघा, आनंदकंद वृत्तात:

पाऊस थांबलेला, भिंतीत ओल आहे
हा घाव कोरडासा, आतून खोल आहे

बाजार पाहिला मी, माणूस स्वस्त येथे
अश्रूंस भाव नाही, हास्यास मोल आहे

पहिल्यात घरातली जखम, दुसऱ्यात बाजार. ‘ओल, खोल, मोल’ आणि ‘आहे’ त्यांना बांधतात. मूडही जुळलेला हवा. इथे मधेच खट्याळ शेर आला तर तो उपराच वाटेल.

शेर खरंच सुटा उभा राहतो का, हे बघायला तो एकटाच कुणाला तरी वाचून दाखवा. ‘म्हणजे कोण?’ असं विचारलं, तर तो मागच्या शेरावर टेकलाय. ‘म्हणून’ने सुरू होणारे शेर बहुधा असेच निघतात.