काळ्या मातीचा सामू आणि विद्युत वाहकता

प्रश्न: अथणीकडच्या उसाच्या काळ्या मातीचा सामू आणि विद्युत वाहकता मोजताना पाणी किती घ्यावे आणि किती वेळ ठेवावे?

उत्तर: वाळवून 2 मिलिमीटरच्या चाळणीने चाळलेल्या 20 ग्रॅम मातीत 50 मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घालून, म्हणजे 1:2.5 प्रमाणात, अर्धा तास अधूनमधून ढवळावे आणि सामू गढूळ द्रावणातच मोजावा. माती परीक्षण प्रयोगशाळांत हीच पद्धत रूढ आहे. वाहकतेसाठी मात्र तेच भांडे न हलवता वरचे पाणी नितळ होऊ द्यावे. चिकण मातीला बहुधा रात्र लागते, आणि सकाळीही पाणी गढूळच असेल तर मातीत सोडियम जास्त असल्याची शंका घ्यावी. येणारा आकडा संपृक्त अर्काच्या, म्हणजे माती जेमतेम पूर्ण भिजेल एवढ्याच पाण्यातून काढलेल्या अर्काच्या, 4 डेसिसायमन प्रति मीटर या क्षारतेच्या मर्यादेशी ताडू नये, कारण जास्तीच्या पाण्याने क्षार विरळ झालेले असतात.