पेन्शन नाही, बचत आहे: दर वर्षी किती काढावं?

प्रश्न: मी ५९ वर्षांचा आहे. पेन्शन नाही, साठवलेलं आहे तेवढंच. दर वर्षी किती काढलं तर ते शेवटपर्यंत पुरेल?

उत्तर: पहिल्या वर्षी एकूण जमेच्या साडेतीन टक्के काढा आणि पुढे दर वर्षी त्या रकमेत महागाईइतकी भर घाला. ४ टक्क्यांचा नियम तुमच्या कानावर आला असेल. पहिल्या वर्षी ४ टक्के काढायचा हा नियम अमेरिकन आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये मांडला, पण अमेरिकेच्या बाजाराच्या इतिहासावरून आणि ३० वर्षांच्या हिशेबाने. तुम्हाला कदाचित ३५ वर्षं काढायची आहेत, म्हणून मी थोडं कमी सांगतोय.

मी लोकांना असे हिशेब मांडून देतो. बहुतेक जण सरासरी परतावा किती मिळेल एवढंच विचारतात. खरा धोका मात्र तो कोणत्या क्रमाने मिळतो यात असतो. समजा जमा १०० आहे आणि चार वर्षांचा परतावा उणे २०, उणे १०, अधिक २० आणि अधिक २५ टक्के असा आला. काहीच काढलं नाही, तर १०८ होतात. क्रम उलटा केला तरी १०८च. आता दर वर्षाच्या सुरुवातीला ५ काढून बघा. वाईट वर्षं आधी आली, तर शेवटी सुमारे ८२ उरतात. चांगली आधी आली, तर जवळपास ९१. बाजार तोच आणि खर्चही तोच, तरी पावणेदोन वर्षांच्या खर्चाएवढा फरक पडला, कारण पडत्या भावात विकलेले शेअर पुढच्या तेजीत आपल्याकडे नसतात.

म्हणून निवृत्तीआधीच तीन वर्षं काढायची रक्कम मुदत ठेवीत बाजूला करा. बाजार पडला की त्यातूनच खर्च करा आणि चांगल्या वर्षानंतर शेअरमधला नफा विकून ती पुन्हा भरा. या पैशावर परतावा कमी मिळेल, पण ती किंमत मोजण्यासारखी आहे. आजारपणासाठीची रक्कम मात्र या हिशेबात धरूच नका, ती वेगळी हवी.

वर्षातून एकदा एवढं तपासा: यंदा काढायची रक्कम उरलेल्या जमेच्या किती टक्के आहे? ४.२ च्या वर गेली, तर त्या वर्षी महागाईची वाढ सोडा आणि खर्च दहा टक्क्यांनी कमी करा. उदाहरणार्थ, १०० चे ७५ उरले आणि काढायची रक्कम ३.८ झाली, तर प्रमाण ५ टक्क्यांच्या वर जातं. अशा वेळी एका वर्षाची कपात पुरत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा हाच हिशेब करावा लागतो.

घरभाडं, औषधं, किराणा असा न टळणारा खर्च या साडेतीन टक्क्यांत बसत नसेल, तर जमेचा काही भाग देऊन आयुष्यभर ठरावीक रक्कम देणारी ॲन्युइटी घ्या. वय जितकं जास्त, तितका तिचा दर सहसा चांगला मिळतो, त्यामुळे सगळी आजच घेऊ नका. घेताना रक्कम महागाईप्रमाणे वाढते का, हे आधी विचारा. वाढत नसेल, तर वीस वर्षांनी तिच्यात आजच्या निम्मंही येणार नाही असं धरून चाला.