बीएमआयची चिठ्ठी पालकांच्या हाती कशी द्यावी

प्रश्न: खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवते. आम्ही मुलांचा बीएमआय मोजणार आहोत. कशासाठी मोजतो आणि निकाल कसा कळवणार, याचं परिपत्रक मला पालकांसाठी लिहायचं आहे. त्यात काय असावं?

उत्तर:

मॅडम, मी याच भागातल्या एका हायस्कुलात पीटी घेतो. आमच्याकडे पहिल्या वर्षी कन्नडातली सुत्तोले तशीच वाटली आणि सही आणायला सांगितलं. सह्या आल्या, पण कशावर सही केली हे बऱ्याच घरांत कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा पहिलं काम, परिपत्रक मराठीत असू दे, आणि ते वाचून दाखवायला एखादी पालकसभा घ्या.

खरी चूक पुढे झाली. एका वर्गशिक्षकांनी सगळ्या वर्गाची यादी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. त्यात ११ वर्षांची एक मुलगी होती, वजन २८ किलो, उंची १३८ सेंटिमीटर. मीटरमधली उंची उंचीनेच गुणली की १.९० येतात. २८ ला त्याने भागलं की बीएमआय १४.७. तिच्या मामानं मोबाइलवर शोधलं, तिथे १८.५ च्या खाली म्हणजे कमी वजन असं लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी आई दारात उभी, "सर, पोरीला काय झालंय?"

पोरीला काहीच झालं नव्हतं. १८.५ ही रेघ मोठ्या माणसांची. मुलांचा आकडा वय आणि मुलगा की मुलगी हे बघूनच वाचायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या ५ ते १९ वयाच्या तक्त्यात ११ वर्षांच्या मुलीसाठी १३.९ च्या खाली कृश आणि १९.९ च्या वर जादा वजन धरतात. म्हणजे १४.७ ठीक. परिपत्रकात हेच सगळ्यात वर लिहा: "मोठ्यांच्या तक्त्याशी मुलाचा आकडा ताडून बघू नका."

कशासाठी मोजतो, हे दोन-तीन वाक्यांत बसतं. नुसतं बघून अंदाज चुकतो. एकाच वर्गात खायला कमी पडणारं मूलही असतं आणि वजन झपाट्यानं वाढणारंही, आणि दोन्ही वेळेवर कळलेली बरी. दरवर्षी मोजलं की एखाद्याची वाढ थबकली आहे का तेही दिसतं. पण हे रोगाचं निदान नव्हे. बीएमआयला चरबी आणि स्नायू यातला फरक कळत नाही. आमच्या कबड्डीच्या पोरांचा आकडा उगीच वर जातो. हेही लिहा.

मोजण्याआधी बूट काढायचे, वर बांधलेल्या वेण्या सोडायच्या, काटा सपाट फरशीवर ठेवायचा. त्या मुलीची उंची अडीच सेंटिमीटर जादा भरली असती, तर १४.७ चे १४.२ झाले असते. जन्मतारखेचाही घोळ असतो. आपल्या भागात निम्म्या दाखल्यांवर १ जून! खरं वय १० असेल तर मुलीची खालची रेघ १३.५ आहे, ११ असेल तर १३.९. बीएमआय १३.७ आला की ती कुठल्या बाजूला, हे त्या तारखेवर ठरतं. म्हणून परिपत्रकाच्या तळाशी खरी जन्मतारीख विचारा. सीमेजवळच्या आकड्याला घाबरू नका, पुन्हा मोजा.

निकालाबद्दल आमचा आताचा मजकूर असा आहे, हवा तर घ्या:

"मोजमाप पडद्याआड, एकेका मुलाचं होईल. आकडा मोठ्यानं वाचला जाणार नाही. निकाल बंद पाकिटात सर्व मुलांच्या पालकांना शाळेत बोलावून दिला जाईल. यादी फळ्यावर किंवा ग्रुपवर लावली जाणार नाही. आपल्याला तपासणी नको असेल तर खाली तसं लिहून द्या; मुलाला त्याबद्दल काही विचारलं जाणार नाही."

'सर्व मुलांच्या' हा शब्द मुद्दाम आहे. फक्त जादा किंवा कमी वजनाच्यांनाच पाकीट दिलं की पाकीटच चिठ्ठी होते, आणि मधल्या सुट्टीपर्यंत नाव पडतं. चिठ्ठीत 'लठ्ठ', 'हाडकुळा' हे शब्द नकोत. "वयाच्या मानानं वजन अपेक्षेपेक्षा जास्त आहे, एकदा डॉक्टरांना दाखवा" एवढं पुरे. कुठे दाखवायचं तेही लिहा, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव घालून.

एक आश्वासन मात्र देऊ नका, की चिठ्ठीनं वजन आटोक्यात येईल. कॅलिफोर्नियातल्या ७९ शाळांत हे तपासून बघितलं, पालकांना कळवल्यानं मुलांच्या वजनात फरक पडला नाही. चिठ्ठीचं काम कळवण्यापुरतं. आकडा टोकाचा असेल तर चिठ्ठीवर न थांबता घरी फोन करा. आमच्याकडे तो फोन मी करतो, शाळा सुटल्यावर, मूल जवळ नाही हे विचारून.