बावीस उत्तरं आणि एक पोच

"मॅडम, मी उत्तर दिलं नाही तर सगळ्यांना वाटणार, याचंच खरं. तो चार लोकांत धादांत खोटं लिहितोय आणि मी गप्प बसू? बरं, थांबायचं म्हटलं तरी नेमकं कधी थांबायचं?"

समुपदेशक म्हणून हे वाक्य मी थोड्याफार फरकाने फार वेळा ऐकलं आहे. कधी भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचं भांडण असतं, कधी शाळेच्या जुन्या बॅचचं, पण सगळ्यात जास्त वेळा सोसायटीचं. त्यातलं एकच उदाहरण सविस्तर सांगते, कारण त्यातला माणूस मुद्द्यावर पूर्ण बरोबर होता. ज्याचं चुकलंय त्याला थांबवणं त्या मानाने सोपं असतं. ज्याचं बरोबर आहे, त्याला थांबणं अन्यायासारखं वाटतं. नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

वसंतराव त्रेसष्ट वर्षांचे, बँकेतून निवृत्त, सातव्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणारे. जुलैच्या पावसात त्यांच्या बेडरूमच्या छतातून पाणी गळायला लागलं. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घ्या म्हणून लिहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी उत्तर दिलं, "गळतंय तुमच्या घरात, खर्च आम्ही का करायचा?" तिथून सुरू झालेला वाद अकरा दिवस चालला. वसंतरावांना त्यांच्या पत्नी माझ्याकडे घेऊन आल्या. रात्री साडेबाराला उठून ते फोन बघत, आणि ताटावर बसले तरी मनातल्या मनात मजकूर जुळवत असत.

पहिल्या भेटीत ते मला उपविधी समजावून सांगत होते. ते खरंच होतं. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक गच्चीतून होणारी पावसाची गळती दुरुस्त करणं ही संस्थेची जबाबदारी असते आणि खर्चही संस्थेचाच असतो. स्वतःच्या बाथरूममधून खालच्या घरात गळत असेल, तर तो त्या सभासदाचा खर्च.

मी विचारलं, "हे तुम्ही ग्रुपवर कधी लिहिलंत?"

"दुसऱ्याच मेसेजमध्ये. कलमासकट."

पुढच्या भेटीला मी त्यांना अख्खा वाद कागदावर छापून आणायला सांगितलं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये एक्स्पोर्ट चॅट केलं की सगळं तारीख-वेळेसकट मिळतं. कागदावर मी मुद्दाम घेते. पडद्यावर शेवटचा मेसेज सगळ्यात मोठा दिसतो, कागदावर सगळे सारख्याच उंचीचे दिसतात.

त्यांच्या हातात पेन्सिल दिली. ज्या मेसेजमध्ये आधी न आलेली माहिती असेल, किंवा कुणी खरंच विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असेल, त्याला गोल करायचा. बाकीच्यांवर फुली. आधी स्वतःचे, मग समोरच्याचे. बँकेतला माणूस, त्यामुळे व्हाउचर तपासावीत तसे त्यांनी ते तपासले. त्यांचे स्वतःचे एकतीस मेसेज होते. त्यांतल्या चारांना गोल पडला आणि शेवटचा गोल नवव्या मेसेजवर होता. पुढच्या बावीसही मेसेजांवर फुली.

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण ते मी सगळ्यांना कळावं म्हणून लिहीत होतो."

"सगळ्यांपैकी शेवटच्या सहा दिवसांत कोण कोण बोललं?"

त्यांनी पानं उलटली. पहिल्या दोन दिवसांत चौदा जण बोलले होते. त्यांतल्या नऊ जणांनी वसंतरावांचीच बाजू घेतली होती. शेवटच्या सहा दिवसांत फक्त दोन नावं होती.

"बाकीचे कुठे गेले?"

"कंटाळले असतील." थोडं थांबून म्हणाले, "आमच्यामुळे गेले."

आता मी विचारलं, "छत अजून गळतंय?"

"हो. खाली बादली ठेवलीय. रात्रीतून दोनदा रिकामी करावी लागते."

"सेक्रेटरींना लेखी पत्र कधी दिलंत?"

पत्र दिलंच नव्हतं. अकरा दिवस, एकतीस मेसेज, आणि ज्या कार्यालयाने गच्ची दुरुस्त करायची, तिथे त्यांच्या नावाचा एकही कागद नव्हता. त्या क्षणी त्यांचा चेहरा बदलला तो मला आजही स्पष्ट आठवतो. रागाच्या जागी आश्चर्य आलं. नवव्या मेसेजपर्यंत वाद गच्चीचा होता. दहाव्यापासून तो मानाचा झाला होता, आणि बादलीबद्दल दोघांपैकी कुणीच लिहीत नव्हतं.

थांबण्याची खूण इथे आहे. राग किती आला किंवा दिवस किती झाले, यावरून ती ओळखता येत नाही. तुमच्या शेवटच्या तीन उत्तरांत एकही गोल बसत नसेल तर सांगण्यासारखं संपलेलं आहे. सोबत आणखी दोन गोष्टी दिसतात. वाक्यं "गच्ची", "खर्च" यांच्याऐवजी "तुम्ही", "तुमच्यासारखे लोक" यांनी सुरू होऊ लागतात. आणि तिसरी माणसं बोलायची थांबतात. ही शेवटची खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते. वाचणारे असतात तोवर तुम्ही त्यांच्यासाठी लिहिता. ते उठून गेल्यावर उरते ती दोघांची कुस्ती, आणि लांबून बघणाऱ्याला त्यात कोण बरोबर हे दिसत नाही, फक्त दोघं भांडताना दिसतात.

तरीही वसंतरावांचा प्रश्न उरलाच होता. गप्प बसलो तर मान्य केल्यासारखं होईल, त्याचं काय? मी समुपदेशनाच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॉ. अल्बर्ट एलिस यांनी ती १९५५ साली मांडली. ती इच्छा आणि हट्ट यांच्यातला फरक फार नेमका दाखवते. "त्यांना पटलं तर बरं होईल" ही इच्छा आहे, आणि ती रास्त आहे. "त्यांना पटलंच पाहिजे, नाहीतर माझी किंमत राहणार नाही" हा हट्ट. मी वसंतरावांना एवढंच विचारलं, "दुसऱ्या मजल्यावरच्यांना कधीच पटलं नाही, तर वॉटरप्रूफिंग होऊ शकेल का?" ते लगेच म्हणाले, "होईल की. समितीने ठराव केला तर होईल." म्हणजे ज्यांना पटवण्यासाठी झोप गेली, त्यांच्या पटण्याची कामाला गरजच नव्हती.

मग थांबायचं कसं, यावर आम्ही एक अख्खी भेट घालवली, कारण बहुतेक माणसं इथेच घसरतात. शेवटचा मेसेज दोन ओळींचा ठरला: "माझं म्हणणं आणि उपविधीतलं कलम वर दिलं आहे. हा विषय मी लेखी अर्जाने समितीपुढे मांडत आहे." त्यात टोमणा नाही, समोरच्याचं नाव नाही, आणि "यापुढे मी उत्तर देणार नाही" ही घोषणाही नाही. ती घोषणा समोरच्याला आव्हानासारखी वाटते, आणि ती मोडली की आपलीच पत जाते. ग्रुप सोडायचा नाही, तेही रुसणंच दिसतं. मेसेज सकाळी चहानंतर पाठवायचा. तोवर मजकूर वहीत लिहायचा, चॅटच्या चौकटीत नाही, कारण तिथे बोट चुकून पाठवण्याच्या खुणेवर पडतं.

सेक्रेटरींना अर्ज दोन प्रतींत. एक त्यांना द्यायची, दुसरीवर तारीख, सही-शिक्का घेऊन पोच स्वतःजवळ ठेवायची. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून विषय तिच्या नोटिशीत यावा अशी मागणीही त्याच अर्जात. समितीने दाद दिली नाही तर उपनिबंधकांकडे जाताना ही पोच लागते.

त्यानंतर ग्रुप म्यूट करून अर्काइव्हमध्ये. एक गोष्ट मी आधीच सांगून ठेवते: निळ्या खुणा बंद केल्या तरी ग्रुपमध्ये त्या दिसतातच. तुम्ही वाचलंत हे समोरच्याला कळणार. कळू द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गप्प झाल्यावर समोरचा आधी शांत होत नाही, चेकाळतो. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या उंदरांच्या प्रयोगांपासून हे माहीत आहे. दांडी दाबली की खायला मिळायचं. ते बंद केल्यावर उंदीर लगेच सोडून देत नाही, आधी तो दांडी जास्त जोराने, जास्त वेळा दाबतो. वसंतरावांच्या बाबतीत तिसऱ्या दिवशी मेसेज आला, "आता तोंड का बंद झालं?" पाचव्या दिवशी, "बँकेतही असेच हिशेब करायचे वाटतं." त्यांनी मला फोन केला, आवाज कापत होता. मी म्हटलं, "चार डिवचण्या सोसून पाचवीला उत्तर दिलंत, तर पाच वेळा डिवचलं की माणूस बोलतो एवढंच तुम्ही त्यांना शिकवाल. पुढच्या वेळी ते पाचपर्यंत थांबतील." त्यांनी ते उत्तर वहीत लिहिलं, तीन पानं भरली, आणि वही कपाटात ठेवली.

चोरवाटाही बंद कराव्या लागतात. स्टेटसला टाकलेला सुविचार, बाजूच्या माणसाला खासगीत पाठवलेला स्क्रीनशॉट, कुणा तिसऱ्याने दिलेल्या टोल्याखाली उमटवलेला अंगठा, ही सगळी उत्तरंच आहेत. आणि हे गप्प राहणं म्हणजे अबोला नव्हे. जिन्यात भेटले की "नमस्कार" म्हणायचं, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. दोन वेळा समोरून उत्तर आलं नाही. तिसऱ्यांदा मान हलली.

काही वेळा मौन चुकीचं ठरतं. कुणी नवा आणि ठोस आरोप केला, समजा निधीतले पैसे खाल्ले असा, तर एकदाच, कागदासकट, खुलासा करायचा. धमकी किंवा बाईमाणसाविषयी घाणेरडी भाषा आली तर वाद न घालता स्क्रीनशॉट ठेवून थेट तक्रार करायची.

वसंतरावांचा अर्ज सभेच्या नोटिशीत आला. त्याच आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या एका बाईंनी ग्रुपवर विचारलं, "काका, काम नेमकं कधी करता येईल?" त्यांनी मला न विचारता ठरवलं की इथे गोल पडतो. उत्तर एका ओळीचं होतं: "दिवाळीनंतर, स्लॅब पूर्ण वाळल्यावर, ओल्या स्लॅबवर केलेलं टिकत नाही." त्याखाली अकरा जणांनी लिहिलं, बहुतेकांनी कोटेशन कुणाकडून घ्यायची याबद्दल.